येणार नाही, हे चारचौघांत सांगताना

लग्नाची पत्रिका घेऊन कुणी घरी येतं तेव्हा नकाराचा प्रश्नच येत नाही. पाहुणे बसतात, चहापाणी होतं, हातावर अक्षता पडतात, 'सहकुटुंब यायचं हं' असं बजावलं जातं आणि आपण 'हो हो, नक्की' म्हणतो. हे 'नक्की' म्हणजे निमंत्रण पोचल्याची पावती आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. खरोखर कोण आलं ते कार्याच्या दिवशी कळतं. यजमानही थोडं कमी-जास्त होणार हे धरूनच आचाऱ्याला पानांचा आकडा देतो.

निमंत्रण कुटुंबाच्या ग्रुपवर पडलं की ही सोय संपते. चाळीस माणसांसमोर विचारलं जातं आणि उत्तरही चाळीस माणसांसमोर द्यावं लागतं. गप्प राहावं तर तेही दिसतं. निमंत्रण टाकणाऱ्याने स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली की कुणी वाचलं आणि कुणी नाही, याची यादीच समोर येते. वाचून चार दिवस गप्प बसलेल्या भाचीबद्दल मग फोनाफोनी होते, आणि ती येण्या-न येण्याबद्दल नसते, 'तिला काही वाटतं की नाही' याबद्दल असते.

चारचौघांतला नकार अवघड का, याचं नेमकं उत्तर बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांकडे आहे. समोरासमोरच्या बोलण्यात नकार शब्दांच्या आधी सुरू होतो. 'रविवारी येताय ना जेवायला?' असं विचारल्यावर यायचं असलेला माणूस लगेच 'हो' म्हणतो. नसेल यायचं तर तो क्षणभर थांबतो, 'अं' करतो, 'रविवारी का?' असा उलटा प्रश्न टाकतो. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को तोरेइरा या दोन संशोधकांनी २०१५मध्ये इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतली निमंत्रणं, विनंत्या आणि सूचना घेऊन त्यांना मिळालेल्या उत्तरांआधीची शांतता मोजली. साधारण ७०० मिलीसेकंद, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडी कमी, एवढी शांतता उलटली की पुढे येणारं उत्तर बहुधा होकाराचं नसतं, असं त्यांना आढळलं. विचारणाऱ्याच्या कानाला एवढी फट पुरते. तो तिथेच सावरून घेतो, 'म्हणजे अडचण असेल तर राहू दे हं' म्हणतो. 'नाही' हा शब्द उच्चारलाच जात नाही आणि तरी दोघांनाही सगळं समजलेलं असतं.

१९९९मध्ये सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला होता. मुलींनी नको असलेल्या मागणीला ठणकावून 'नाही' म्हणावं, असं शिकवणाऱ्या उपक्रमांबद्दल त्यांचा आक्षेप होता. रोजच्या व्यवहारात कुणीच तसा नकार देत नाही, आडून दिलेला नकार ऐकणाऱ्याला व्यवस्थित कळतो, तेव्हा 'स्पष्ट नाही म्हणाली नाहीस' ही ऐकणाऱ्याने काढलेली पळवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. समोरासमोरच्या बोलण्यापुरतं ते मला पटतं. पण लिहिलेल्या मेसेजमधून ती अर्ध्या-पाऊण सेकंदाची फट पुसली जाते. आवाज खाली गेलेला ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. 'बघते, जमवते' हे शब्द बोलताना नकार असू शकतात, पण लिहिले की ते होकाराच्या रकान्यात जाऊन बसतात. जे काम थांबण्याने आणि सुराने व्हायचं, ते ग्रुपवर शब्दांनाच करावं लागतं. बोलताना पुरणारी आडवळणं म्हणूनच तिथे कमी पडतात.

आपल्याकडे त्यात आग्रहाची भर पडते. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की पहिलं 'नको' कुणी मनावर घेत नाही. घेतलं तर वाढणाऱ्याचं अगत्य कमी पडलं असं होतं. दुसरं 'नको' आलं की 'एकच' असं म्हणून एक पडते. खरंच नको असेल तर पानावर हात आडवा धरावा लागतो, आणि तो धरला की मुकाट्याने पुढे जायचं हे वाढप्यालाही कळतं. म्हणजे आपल्या रीतीत दोन नकार आहेत, एक म्हणायचा म्हणून म्हटलेला आणि एक खरा. पहिला थोडक्यात असतो, हसत असतो, त्याला कारण नसतं. ग्रुपवर 'अगं नको, उगाच कशाला त्रास' असं लिहिलं तर ते पहिल्या प्रकारचं वाचलं जाणार आणि आग्रह सुरू होणार. आग्रह करणाऱ्याचा त्यात दोष नाही, तो त्याचं कर्तव्य करतो आहे.

एक प्रसंग घेऊ. नाशिकच्या मावशीने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलंय की काकांची पंच्याहत्तरी १५ तारखेला, रविवारी दुपारी, हॉलवर आहे. सगळ्यांनी सहकुटुंब यायचं, कारणं चालणार नाहीत. पुण्यातल्या भाचीला जमणार नाही. त्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जवळच्या मित्राच्या घरी कार्यक्रम आहे, तिथे महिन्याभरापूर्वीच शब्द दिलेला आहे. हे ग्रुपवर लिहिणं बरं दिसत नाही. काकांच्या पंच्याहत्तरीपेक्षा ऑफिसातला मित्र मोठा का, असं कुणीही विचारेल. म्हणून ती लिहिते:

'मावशी, खूपच छान! आम्ही नक्की प्रयत्न करू. फक्त तेव्हा चिरंजीवांची परीक्षा जवळ आलेली असेल, ह्यांच्या सुट्टीचंही अजून नक्की नाही, आणि गाडी नेमकी सर्व्हिसिंगला द्यायची आहे. बघू, जमलं तर येतोच!'

पाचव्या मिनिटाला मामांचं उत्तर येतं: 'गाडीचं काय घेऊन बसलीस, आम्ही हडपसरहून निघतोय, वाटेत घेतो तुम्हाला.' मावसबहीण लिहिते, 'त्याला पुस्तकं घेऊन यायला सांग, आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे.' तिसरी कुणीतरी, 'भावजींशी मी बोलते.' तीन कारणं दिली आणि तिन्ही सुटली. आता उरलेला नकार उघडा पडला. 'अडचण तर काहीच राहिली नाही, मग येत का नाही?' भाचीने एकतर चौथं कारण शोधायचं किंवा गप्प बसायचं. ती गप्प बसते. मावशी चार पानं धरते. केटरर दोन-तीन दिवस आधी पक्का आकडा मागतो आणि त्या आकड्याचे पैसे घेतो, पानं उठोत वा न उठोत. रविवारी चार पानं रिकामी राहतात, आणि संध्याकाळी मित्राच्या घरचा हसरा फोटो नवऱ्याच्या स्टेटसवर झळकतो.

इथे चूक 'नाही' म्हणण्यात झालेली नाही, ते म्हटलंच गेलं नाही. दिलेलं प्रत्येक कारण हा सोडवायला दिलेला प्रश्न असतो. प्रेमाची माणसं तो सोडवणारच. कारणं जितकी बारीक आणि जितकी जास्त, तितकी मदतीला जागा. शिवाय ती चाळीस माणसांसमोर टिकावी लागतात. त्यातल्या एकाला मुलाच्या परीक्षेचं वेळापत्रक ठाऊक असतं, दुसऱ्याने काल गाडी पाहिलेली असते.

हाच मेसेज असा लिहिता आला असता:

'मावशी, काकांची पंच्याहत्तरी म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच घरचं कार्य. बोलावलंस, फार बरं वाटलं. पण १५ तारखेला आम्हा चौघांनाही येता येणार नाही, त्या दिवशी दुसरीकडे आधीच शब्द दिलेला आहे. आमची पानं धरू नकोस. काका, तुम्ही सायकलच्या दांड्यावर बसवून मला शाळेत सोडायचात, ते अजून आठवतं. २१ला शनिवारी नाशिकला येऊन तुम्हाला नमस्कार करून जाते. कार्यक्रम झकास होऊ दे, आणि फोटो टाका रे कुणीतरी.'

नकार तिसऱ्या वाक्यात आहे, शेवटी नाही. ही जागा महत्त्वाची आहे. फोनच्या पडद्यावर मेसेजची पहिली ओळ-दोन ओळीच वर चमकतात, आणि लांबलचक मेसेज ग्रुपमध्ये अर्धा मिटलेला दिसतो, बाकीचा उघडावा लागतो. कौतुकाच्या आठ ओळींनंतर नकार आला तर निम्मे लोक तिथवर पोचतच नाहीत आणि मावशीला वाटतं, ही येणार. उलट पहिल्याच शब्दात 'जमणार नाही' आलं की पुढचा सगळा गोडवा मलमपट्टीसारखा वाटतो. एक-दोन वाक्यं आपुलकीची, मग नकार, मग पुन्हा आपुलकी. या क्रमाने तो लपत नाही आणि बोचतही नाही.

नकाराचे शब्दही पाहा. 'येता येणार नाही' यात अडचण परिस्थितीची आहे. 'येणार नाही' लिहिलं असतं तर ते ठरवून केल्यासारखं झालं असतं. 'जमणं कठीण दिसतंय' लिहिलं असतं तर दार किलकिलं राहिलं असतं आणि मामांनी गाडी काढली असती. 'चौघांनाही' हा शब्द तर मावशीसाठीच आहे. आपण 'आम्ही' म्हणतो तेव्हा ते एक पान आहे की चार, हे यजमानाला कळत नाही. मुलं आजीबरोबर येणार का, नवरा एकटा डोकावून जाणार का, हे प्रश्न तिला पुन्हा विचारावे लागतात. 'आमची पानं धरू नकोस' या एका वाक्याने तिचं काम होतं. पानावर आडवा हात म्हणजे हेच.

कारण दिलं आहे, पण एकच आणि सोडवता न येणारं. दिलेला शब्द मोडायला सांगणारा नातेवाईक क्वचितच भेटेल. मुख्य म्हणजे ते खरं आहे. कुणाला दिला, कशासाठी दिला, हे सांगितलेलं नाही आणि सांगायची गरजही नाही. ग्रुपवर तपशील कमी दिला म्हणजे खोटं बोललो असं होत नाही.

'वेळ नाही' हे कारण मात्र टाळावं. ग्रँट डॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, पैसे नाहीत म्हणून नकार दिला तर बोलावणाऱ्याला जेवढं वाईट वाटतं, त्याहून जास्त दुरावा 'वेळ नाही' म्हटल्याने येतो. पैसा माणसाच्या हातात नसतो, वेळ मात्र काढला तर निघतो, असं ऐकणारा धरून चालतो. म्हणजे 'वेळ नाही' याचा अर्थ 'तुमच्यासाठी नाही' असा लागतो. आपल्याकडे यातून उलटा धडा घेऊन ग्रुपवर पैशाचं कारण देऊ नये, एवढं मी जोडेन. दहावीच्या बॅचच्या सहलीला 'सध्या हात आखडता आहे' असं कुणी लिहिलं की मिनिटाभरात 'तुझे मी भरतो' येतं, आणि मग नाही म्हणणं दुप्पट अवघड. खरं कारण पैशाचं असेल तर ते बोलावणाऱ्याच्या कानात सांगावं आणि ग्रुपवर नुसतं 'या वेळी येता येणार नाही' लिहावं.

मेसेजमधली सायकल शोभेसाठी नाही. 'काकांना उदंड आयुष्य लाभो' हे ग्रुपवर वीस जण लिहिणार आहेत, तेच चित्रही फिरणार आहे. सायकलच्या दांड्याची आठवण दुसरं कुणी लिहू शकत नाही. नकार देणाऱ्याचा जिव्हाळा तिच्यातूनच पोचतो, विशेषणांतून पोचत नाही. पर्यायी भेटीचं तसंच आहे. 'कधीतरी येऊन जाऊ' हे कुणी मोजत नाही. '२१ला शनिवारी' हे मोजलं जातं, म्हणून खरंच जायचं असेल तरच लिहावं. तारीख देता येत नसेल तर ते वाक्य गाळलेलं बरं. पाळलं न गेलेलं वचन नकारापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं, आणि ग्रुपवर तर ते लेखी असतं.

एवढं लिहूनही मावशीचं उत्तर येणारच: 'असं कसं गं! काही चालणार नाही, यायचंच.' ही दुसरी फेरी अनेकांना हरवते. आग्रह मोडवत नाही म्हणून नवं कारण जोडलं जातं, आणि नवं कारण आलं की पहिलं लटकं होतं असं सगळ्यांना वाटतं. इथे नवीन काही सांगू नये. 'मावशी, तुझा आग्रह कळतोय गं, पण १५ला खरंच नाही. २१ला येतेय, पुरणपोळी ठेव' एवढंच. तेच वाक्य, तोच सूर, आणि मग थांबायचं. तिसऱ्या वेळी उत्तर शब्दांत देऊ नये, फोन करावा.

खरं तर फोन आधीच केलेला असावा. जवळच्या माणसाच्या कार्याला जायचं नसेल तर त्याला ते ग्रुपवर, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळू नये. आधी फोनवर मावशीला सांगितलं, तिची नाराजी तिच्यापुरती ऐकून घेतली, की ग्रुपवरचा मेसेज औपचारिक नोंद होतो आणि मावशीलाही तिथे समजुतीने उत्तर देता येतं. काही वेळा ती स्वतःच लिहिते, 'हिचा फोन झालाय, ही २१ला येतेय.' मग मामांना बोलायला काही उरत नाही.

वेळेचंही एक गणित आहे. निमंत्रणाखाली पहिलं उत्तर नकाराचं पडलं की पुढचे द्विधा मनातले चार जण त्याच बाजूला झुकतात. एकाने दार उघडलं की बाकीचे त्यातून निघतात. चार-पाच 'येतोय' येऊ द्यावेत आणि मग आपलं लिहावं. पण केटररला आकडा देण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ताणू नये. उत्तर देताना मूळ निमंत्रण उजवीकडे सरकवून त्याच्याच खाली लिहावं, नाहीतर मध्ये कुणाच्या निधनाची बातमी आलेली असते आणि आपलं 'फार बरं वाटलं' नेमकं तिच्याखाली जाऊन बसतं. नुसतं हात जोडलेलं चिन्ह टाकणं तर पूर्ण टाळावं. आपल्या ग्रुपांवर ते नमस्कार, आभार, शोक आणि नकार या चारही अर्थांनी चालतं, आणि मावशीने यातलं काय घ्यावं हे तिला कळायला मार्ग नाही.

नकाराने माणसं दुखावतात ही भीती मात्र आपण फुगवून घेतो. जूलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांचा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका निमंत्रणांच्या नकारावर होता. दोन हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की नकार देणाऱ्याला राग, दुरावा आणि पुढच्या वेळी न बोलावणं यांची जेवढी धास्ती वाटते, तेवढी तीव्र प्रतिक्रिया बोलावणाऱ्याची प्रत्यक्षात नसते. नकार देणारा 'नाही' या शब्दावरच अडून राहतो, तर बोलावणारा त्यामागे काहीतरी विचार झाला असेल हे सहज धरून चालतो. बोलावणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की ही भीती कमी होते, असंही त्यांना आढळलं. हे प्रयोग अमेरिकेतले आहेत आणि ते जेवण, प्रदर्शन असल्या सुट्या भेटींबद्दल आहेत. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न त्यात बसत नाही. तिथे न जाण्याचा हिशेब वर्षानुवर्षं चालतो आणि कितीही सुरेख मेसेज तो मिटवत नाही. पण पंच्याहत्तरी, गृहप्रवेश, बॅचचं गेट-टुगेदर, हळदीकुंकू यांना तो निष्कर्ष लागू पडायला हरकत नाही. मावशीला १५ तारखेला कुणाकुणाला वाढलं ते आठवेल, कोण आलं नाही ते तेवढं नाही.

जिथे निमंत्रण देणाऱ्याशीच बिनसलं आहे, तिथे मात्र ग्रुपवर ऊब आणायचा प्रयत्न करू नये. वाचणाऱ्या सगळ्यांना भांडण ठाऊक असतं आणि गोड वाक्यं टोमणा म्हणून वाचली जातात. 'शुभेच्छा. मला येता येणार नाही.' एवढ्यावर थांबावं. तसंच दिवसकार्याचं. तिथे आनंदाचे शब्द चालत नाहीत आणि पर्यायी तारखेचीही घाई करू नये; आधी फोन, आणि जमेल तेव्हा भेटून येणं.

आता निमंत्रण टाकणाऱ्यांना एक विनंती. 'कारणं चालणार नाहीत' हे वाक्य अगत्याचं असलं तरी त्याने नकार थांबत नाही, तो फक्त लांबतो आणि शेवटच्या दिवशी येतो. त्याच्या जागी 'किती जण येताय ते १० तारखेपर्यंत कळवा, जमत नसेल तरी कळवा' असं लिहा. केटररला खरा आकडा देता येईल आणि भाचीला गाडी सर्व्हिसिंगला द्यावी लागणार नाही.